जुनं खातं बंद, रिफंड परत गेला: आता नव्या खात्यात कसा मागवायचा?

«काका, आईचं (वय ७१, निवृत्त शिक्षिका) रिटर्न मी ९ ऑगस्ट २०२५ ला भरलं. १८,६४० रुपये रिफंड मागितला होता. ऑक्टोबरमध्ये आम्ही मांडवीतलं घर सोडून मांजलपूरला आलो, म्हणून आईचं जुनं खातं बंद करून इथे दुसऱ्या बँकेत उघडलं. १८ नोव्हेंबरला १९,३८० रुपयांच्या रिफंडची सूचना आली आणि मग रिफंड फेल झाल्याचा मेसेज. जुनी बँक म्हणते आमच्याकडे काही आलंच नाही. आईचा यूपीआय आयडीही बदललाय. कोणाकडे जाऊ? रिटर्न परत भरू का? नवीन यूपीआय आयडी कुठे द्यायचा?»

रिटर्न परत भरू नका, आणि जुन्या बँकेत पुन्हा जाऊ नका. पैसे सुरक्षित आहेत. ते बँकेत अडकलेले नाहीत, आयकर खात्याकडे परत गेलेत. तुम्हाला दोनच कामं करायची आहेत आणि ती याच क्रमाने: आधी पोर्टलवर आईचं नवं खातं पडताळून घ्यायचं, मग रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती टाकायची. बडोद्यात रावपुऱ्यात बसून मी सव्वीस वर्षं रिटर्नं भरतोय. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या निम्म्या लोकांनी हा क्रम उलटा केलेला असतो, नाहीतर पहिलं काम अर्धवट सोडलेलं असतं.

जुनी बँक खोटं बोलत नाहीये. रिटर्न तपासून होतं बेंगळुरूच्या केंद्रात, ज्याला आम्ही सगळे सीपीसी म्हणतो. रिफंड ठरला की त्याची यादी स्टेट बँकेकडे जाते, कारण आयकराचे रिफंड वाटण्याचं काम तिच्याकडे आहे. स्टेट बँक तुमच्या रिटर्नमधल्या खात्यावर पैसे पाठवते. समोरच्या बँकेच्या संगणकाला ते खातं बंद दिसलं की तो रक्कम तिथल्या तिथे नाकारतो. शाखेतल्या बाईंच्या पडद्यावर यातलं काहीच उमटत नाही. बंद खात्यात नोंद पडतच नाही, मग त्या तरी काय दाखवणार? पैसे आल्या वाटेने मागे जातात आणि काही दिवसांनी सीपीसी तुमच्या रिटर्नवर रिफंड फेल असा शेरा मारते. तुम्हाला आलेला मेसेज त्याच शेऱ्याचा.

तुम्ही ऑगस्टमध्ये रिटर्न भरलं तेव्हा जुनं खातं पोर्टलवर व्यवस्थित पडताळलेलं होतं, म्हणून मनात येत असेल की पोर्टलला कळायला हवं होतं. पडताळणी त्या दिवसापुरती असते. ऑक्टोबरमध्ये खातं बंद केल्याची वर्दी कोणी पोर्टलला दिली नाही, आणि नोव्हेंबरमध्ये रिफंड निघाला तो रिटर्नमध्ये लिहिलेल्या खात्यावरच. रिटर्न भरल्यापासून रिफंड हातात पडेपर्यंत जुनं खातं बंद करू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. घर बदलण्याच्या गडबडीत ते राहून जातं, त्यात तुमची चूक मोठी नाही.

यूपीआय आयडीचं लगेच सांगून टाकतो. आयकराचा रिफंड यूपीआयवर येत नाही. तो पॅनशी जोडलेल्या आणि पोर्टलवर पडताळलेल्या बँक खात्यातच येतो. त्यामुळे नवा आयडी कुठेही देऊ नका, आणि कोणी फोन करून मागितला तर फोन ठेवून द्या. दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेली वस्तू परत केली असेल तर तो हिशेब वेगळा. तिथे परतावा मूळ व्यवहाराला धरून त्याच खात्याकडे वळतो ज्यातून पैसे गेले होते, आयडी कोणताही असो. नुसता आयडी बदलला असेल आणि खातं तेच असेल तर सहसा अडत नाही. खातंच बंद असेल तर रक्कम विक्रेत्याच्या बाजूला परत जाते. अशा वेळी विक्रेत्याकडून परताव्याचा बारा आकडी संदर्भ क्रमांक मागून घ्या, रक्कम त्याच्याकडे परत आलीय हे लेखी कबूल करून घ्या आणि नव्या खात्यात थेट टाकायला सांगा.

आता आईचं काम. पहिला भाग नव्या खात्याच्या पडताळणीचा, आणि सगळा वेळ इथेच जातो.

`incometax.gov.in` वर आईच्या पॅनने आत शिरा. आधी पॅन आणि आधार जोडलेले आहेत ना ते बघा, `Link Aadhaar Status` मध्ये कळतं. ३० जून २०२३ पर्यंत जे जोडले गेले नाहीत ते पॅन निष्क्रिय झाले, आणि पॅन निष्क्रिय असेल तर रिफंड निघत नाही. त्या काळाचं व्याजही मिळत नाही. ऐंशीच्या पुढच्या लोकांना यातून सूट आहे, पण आई ७१ च्या आहेत, त्यामुळे त्यांना जोडणी लागतेच. जोडलेले नसतील तर १,००० रुपये शुल्क भरून आधी तेवढं करून घ्या. नोव्हेंबरमध्ये रिफंड निघालाय म्हणजे बहुधा सगळं ठीक असणार, तरी एकदा डोळ्यांनी बघा.

मग `My Profile` मध्ये `My Bank Account` उघडा. तिथे जुनं खातं अजून दिसेल. ते काढून टाका, म्हणजे पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये चुकून तेच निवडलं जाणार नाही. मग `Add Bank Account` दाबून नव्या खात्याचा नंबर, खात्याचा प्रकार, खातेदार कोणत्या नात्याने आणि आयएफएससी भरा.

आयएफएससी पासबुकावरून किंवा चेकवरून घ्या, कुठल्या तरी वेबसाइटवरून नको. अकरा अक्षरांच्या या कोडात पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. बँक ऑफ बडोदाचा कोड `BARB0` ने सुरू होतो आणि शून्यानंतर बहुतेक शाखांना इंग्रजी अक्षरंच येतात, म्हणून लोक त्या शून्याला ओ समजून टाइप करतात आणि पोर्टल शाखाच सापडत नाही म्हणतं. बडोद्यात याच्याही पुढची एक अडचण मला वारंवार दिसते. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि त्यांचे `BKDN` आणि `VIJB` ने सुरू होणारे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. पण घरातली जुनी पासबुकं कपाटात जपून ठेवलेली असतात. एका आजोबांनी देना बँकेच्या पासबुकावरचा कोड तीन वेळा भरला होता आणि तीनदा नापास झाला होता. कोणी तरी त्यांना सांगायला हवं होतं की नवं पासबुक घ्या, नंबरही बदललाय. तुमच्या आईचं खातं नवं आहे, त्यामुळे ही भानगड नसावी. पण तुमच्याच बँकेत नुसती शाखा बदलली असती तरी आयएफएससी बदलला असता, हे लक्षात राहू द्या.

खातेदाराच्या नात्यात आई पहिल्या खातेदार असायला हव्यात. तुमच्या दोघांचं संयुक्त खातं असेल आणि पहिलं नाव तुमचं असेल तर पॅन तुमचा जोडलेला असणार आणि आईचा पॅन जुळणार नाही. असं असेल तर आईचं स्वतंत्र खातं वापरा.

माहिती भरल्यावर पोर्टल ती बँकेकडे पाठवतं. बँक खातं आहे का, पॅन जोडलेला आहे का आणि नाव जुळतं का, हे बघून उत्तर देते. खातं मोठ्या बँकेत असेल तर उत्तर बहुधा त्याच दिवशी येतं, पण दहा-बारा कामाचे दिवसही लागू शकतात. म्हणून एक दिवस थांबून घाबरू नका, आणि तेच खातं पुन्हा पुन्हा घालू नका. उत्तर `Validated` असं आलं की पहिली पायरी झाली. `Validation failed` आलं तर कारण तिथेच खाली लिहिलेलं असतं. ते वाचा, कारण प्रत्येक कारणाची दुरुस्ती वेगळ्या ठिकाणी होते.

पॅन जोडलेला नाही असं कारण आलं तर दोष पोर्टलचा नाही, बँकेतल्या खात्याचा. वृद्ध माणसांची खाती कित्येकदा आधारवर आणि फॉर्म ६० वर उघडली जातात, पॅन घेतलाच जात नाही. तुम्हाला वाटतं बँकेत पॅनकार्डाची झेरॉक्स दिली होती, पण ती फाइलला लागली, संगणकात चढली नाही. शाखेत जाऊन आईच्या सहीने पॅन नोंदवण्याचा अर्ज द्या आणि मूळ पॅनकार्ड दाखवा. खात्याच्या माहितीत पॅन दिसतोय याची छापील प्रत मागा. ती प्रत हातात आल्याशिवाय घरी येऊ नका, मी माझ्या लोकांना हेच सांगतो.

नाव जुळत नाही असं कारण आलं तर ते बडोद्याच्या मराठी माणसाला नवं नाही. आपल्या आईच्या पिढीची कागदपत्रं गुजराती पद्धतीने लिहिली गेली. आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि नावाला हळूच ‘बेन’ चिकटवलेलं. समजा पॅनवर `SULABHA DATTATRAYA JOSHI` आहे आणि बँकेत `JOSHI SULABHABEN DATTATRAY`. माणूस एकच, पण संगणकाला ही दोन वेगळी नावं वाटू शकतात. गेल्या वर्षी एका वृद्ध बाईंचा रिफंड यापायी दोनदा परत गेला. त्यांना मी पहिल्या वेळी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, «पन्नास वर्षं हेच नाव आहे हो, कोणी हरकत घेतली नाही.» खरंच होतं ते. पासबुकावर ‘बेन’ होतं, पॅनवर नव्हतं. त्यांच्या शाखेने पहिल्यांदा नाव बदलायला नकार दिला, कारण आधारवरही ‘बेन’ होतं. मग आधी आधारमधलं नाव पॅनसारखं करून घेतलं, त्यानंतर बँकेतलं, आणि त्यानंतर खातं पडताळलं गेलं. सुरुवातीपासून अडीच महिने गेले. म्हणून तुमचं पडताळणीत अडलं तर आधी तीन कागद शेजारी ठेवा: पॅन, आधार आणि पासबुक. दोन कागद एकसारखे असतील तर तिसरा त्यांच्याप्रमाणे बदलून घ्या. तिन्ही वेगळे असतील तर पॅनला धरून चला, कारण रिफंड पॅनला चिकटलेला असतो.

लग्नाआधीचं आडनाव पॅनवर राहिलेल्या बायकांचंही असंच होतं. तिथे उलट पॅनच दुरुस्त करणं सोपं पडतं, कारण आधार आणि बँक दोन्हीवर सासरचं नाव असतं. तुमच्या आईचं रिटर्न सुरळीत तपासलं गेलंय, त्यामुळे पॅनला हात लावायची गरज दिसत नाही.

`Validated` दिसलं की त्याच ओळीतलं `Nominate for Refund` हे बटण चालू करा. बरेच जण इथे थांबतात आणि समजतात की आता पैसे आपोआप येतील. नाही येणार. ती खूण पुढच्या रिफंडसाठी आहे. फेल झालेल्या रिफंडसाठी वेगळी विनंती टाकावीच लागते.

ती विनंती वरच्या `Services` मेनूत `Refund Reissue` मध्ये असते. तिथे `Create Refund Reissue Request` दाबा. आईच्या ज्या वर्षाचा रिफंड फेल झालाय ते वर्ष दिसेल, तुमच्या बाबतीत आकारणी वर्ष २०२५-२६, म्हणजे कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष. त्यावर टिक करा, पुढच्या पानावर पडताळलेल्या खात्यांची यादी येईल, त्यात नवं खातं निवडा. यादीत फक्त पडताळलेलीच खाती येतात, म्हणूनच मी क्रमाचा एवढा आग्रह धरतो. मग ई-व्हेरिफाय करा. सगळ्यात सोपा मार्ग आधारवरच्या ओटीपीचा. त्यासाठी आईच्या आधारला जो मोबाइल जोडलेला आहे तो जवळ हवा. घर बदलताना नंबरही बदलला असेल आणि आधारवर जुनाच असेल तर नेटबँकिंगमधून व्हेरिफाय करता येतं. शेवटी एक व्यवहार क्रमांक येतो. तो लिहून ठेवा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा. ई-व्हेरिफाय न करता अर्धवट सोडलेली विनंती ही विनंतीच धरली जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांची दोन महिन्यांची वाट फक्त यामुळे वाया गेलेली असते.

`Create Refund Reissue Request` मध्ये कोणतीही नोंद दिसली नाही तर काय, हा प्रश्न तुम्हाला पडणारच. दोन-तीन कारणं असतात. सीपीसीने फेलचा शेरा अजून पोर्टलवर चढवलेला नसतो, म्हणजे बँकेने नाकारलं आणि तुम्हाला कळलं, पण पोर्टलला अजून कळलेलं नाही. आठवडाभर थांबून पुन्हा बघा. दुसरं, रिफंड निघालेलाच नाही. `e-File` मध्ये `View Filed Returns` उघडून त्या वर्षाच्या रिटर्नवरची स्थिती वाचा. तपासणी पूर्ण झालीय, रिफंड निघालाय की फेल झालाय, हे तिथे ओळीने दिसतं. तिसरं, आईच्या नावावर एखाद्या जुन्या वर्षाची करमागणी असेल आणि रिफंड तिच्यात वळवला गेला असेल, तर परत पाठवण्यासारखं काही उरलेलं नसतं. ती मागणी `Pending Actions` मध्ये दिसते. तशी असेल तर ती खरी की चुकीची, हा वेगळा प्रश्न. त्यावर तिथेच हरकत नोंदवता येते.

रिटर्न परत भरू का, असं तुम्ही विचारलंत. नाही, आणि हे मी ठासून सांगतो. सुधारित रिटर्न हे उत्पन्न किंवा कर चुकलाय यासाठी असतं, खात्याचा नंबर बदलण्यासाठी नाही. सुधारित भरलंत तर ते पुन्हा तपासणीच्या रांगेत लागेल आणि झालेलं काम विनाकारण उघडेल. दुरुस्ती अर्ज, ज्याला आम्ही रेक्टिफिकेशन म्हणतो, तोही नको. सूचनेतल्या हिशेबात चूक असेल तेव्हाच तो करतात. तुमचा हिशेब बरोबर आहे, खाली दाखवतो. रेसकोर्सजवळच्या आयकर भवनात जायचीही गरज नाही, तिथले अधिकारी हा रिफंड पाठवत नाहीत.

आता १८,६४० मागितले आणि १९,३८० आले, याचं उत्तर. कर जास्त कापला गेला आणि रिटर्न मुदतीत भरलं तर आयकर खातं महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं. मोजणी आकारणी वर्षाच्या १ एप्रिलपासून रिफंड मंजूर होईपर्यंत, आणि महिन्याचा तुकडा असला तरी पूर्ण महिना धरतात. एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिने. व्याज मोजताना शंभराच्या खालचा भाग सोडतात, म्हणून १८,६४० ऐवजी १८,६०० धरायचे. त्याचा अर्धा टक्का ९३ रुपये, आठ महिन्यांचे ७४४. दोन्ही मिळून १९,३८४, आणि दहाच्या पटीत आणून १९,३८०. तुमची सूचना अगदी बरोबर आहे. व्याज मिळण्याची अट अशी की रिफंड ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी नसावा. आईच्या बाबतीत तो कमी नाही, म्हणून व्याज मिळालं.

फेल झाल्यानंतरच्या महिन्यांचं व्याज मात्र धरून चालू नका. उशीर करदात्याकडून झाला असेल तर तेवढा काळ वगळण्याची तरतूद आहे, आणि खातं बंद करणं हे आपल्या बाजूचं. परत पाठवताना सहसा तीच रक्कम येते. म्हणून हे काम लांबवण्यात आईचाच तोटा आहे.

विनंती टाकल्यावर चार ते पाच आठवडे धरून चला. कित्येकदा त्याआधी येतात. मध्येच `Refund Reissue` मध्ये जाऊन विनंतीची स्थिती बघत राहा. दीड-दोन महिन्यांतही काही हललं नाही तर पोर्टलवरच `Grievances` मध्ये सीपीसीच्या नावाने तक्रार टाका. तीत वर्ष, विनंतीचा व्यवहार क्रमांक, विनंतीची तारीख आणि नव्या खात्याचे शेवटचे चार आकडे लिहा, एवढं पुरे. लांबलचक कहाणी लिहिली तर ती वाचली जात नाही. फोनने विचारायचं तर पोर्टलचा टोल फ्री क्रमांक १८०० १०३ ००२५ आहे. पुन्हा फेल झालं तर काळजी करू नका, नवी विनंती टाकता येते. पण तेव्हा आधी कारण शोधा, नाहीतर तेच तिसऱ्यांदा होईल.

या महिन्यांत आईच्या फोनवर एक वेगळाच मेसेज येऊ शकतो: रिफंड मंजूर झालाय, खातं अपडेट करण्यासाठी इथे दाबा. रिफंड खरंच अडकलेला असताना असा मेसेज आला की माणूस पटकन विश्वास ठेवतो, आणि नेमकं हेच फसवणाऱ्या लोकांना हवं असतं. आयकर खातं लिंकवर कार्डाचा पिन, ओटीपी किंवा यूपीआयचा पिन कधीच मागत नाही. खातं बदलणं फक्त लॉगिन करून `My Bank Account` मध्ये होतं, मेसेजमधल्या लिंकवर नाही. आईला हे आत्ताच, फोन हातात घेऊन, समजावून सांगा. त्यांना पैसे पाठवण्याची सवय झाली असेल तर एवढंही सांगा की पैसे घ्यायला पिन लागत नाही, पैसे द्यायला लागतो.

पैसे आले की पासबुकात नोंद `ITDTAX REFUND` अशी पडते, शेजारी वर्ष आणि पॅन असतो. ती बघून रक्कम सूचनेशी जुळवा. त्यातले ७४४ रुपये व्याज हे आईचं उत्पन्न आहे. पैसे मार्च २०२६ संपायच्या आत आले तर ते आकारणी वर्ष २०२६-२७ च्या रिटर्नमध्ये इतर उत्पन्नात दाखवायचं, एप्रिलनंतर आले तर त्याच्या पुढच्या वर्षी. १८,६४० वर कर लागत नाही, ते आईचेच परत आलेले पैसे आहेत. हे व्याज वार्षिक माहितीपत्रकात, ज्याला एआयएस म्हणतात, त्यात दिसतं, म्हणून विसरलात तरी पोर्टल विसरत नाही.